मोटर काढली तरी आकडा तसाच राहतो

"डॉक्टर, नमस्कार. मी 33 वर्षांची, कराडजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. पाच महिन्यांपूर्वी वजन एकदम नऊ किलोंनी उतरलं, हात थरथरायचे, छातीत धडधडायचं. तपासणीत टीएसएच 0.005, फ्री टी-फोर 4.2 आणि टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी 14 निघाली. 'ग्रेव्हज डिसीज' म्हणून सांगितलं आणि कार्बिमाझोल 30 मिलिग्रॅम सुरू झाली. धडधड गेली, वजन भरलं, पण डोळे मोठे आणि लाल दिसायला लागलेत. सकाळी पापण्या सुजतात, वर बघितलं की दुखतं. डाव्या नडगीवर जाड लालसर चट्टा आलाय, मेडिकलमधून नायट्याचं मलम आणून लावलं, फरक नाही. गेल्या आठवड्यात टीएसएच 0.01 आणि फ्री टी-फोर 0.7 आलं. टीएसएच वर येत नाही म्हणून गोळी तेवढीच ठेवलीय. केसांसाठी बायोटिन घेते. जाऊबाई म्हणतात, ग्रंथीच काढून टाक, कटकट मिटेल. मिटेल का? आणि टीएसएच शून्यावर असताना थायरॉईड जास्त चालतं कसं, हेच मला कळत नाही. आम्हाला दुसऱ्या मुलाचा विचारही करायचा आहे."

तुमचं ते 0.7 मला खटकलं. फ्री टी-फोरची खालची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये 0.9 च्या आसपास असते. म्हणजे आजच्या घडीला तुमच्या रक्तात थायरॉईडचं हार्मोन जास्त नाही, कमी पडतंय, मग टीएसएच काहीही म्हणो. पुढच्या तारखेची वाट बघू नका. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना दोन-तीन दिवसांत भेटा आणि हा रिपोर्ट समोर ठेवून डोस कमी करायचा का ते विचारा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. असं का म्हणते, ते सांगते. पण त्यासाठी आधी टीएसएचचं कोडं सोडवावं लागेल.

टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉईडला 'काम कर' असं सांगतं. रक्तात हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते, जास्त झालं की हात आखडता घेते. तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये टीएसएच 0.005 होतं, म्हणजे पिट्युटरीने हुकूम देणं जवळजवळ थांबवलं होतं. तरी ग्रंथी थांबली नाही, कारण तिला हुकूम देणारं दुसरं कुणीतरी आलं होतं.

तुमच्याकडे विहिरीवर मोटर असेलच. मालकाने स्टार्टर बंद केला, फ्यूज काढून खिशात घातला, तरी मोटर चालूच आहे आणि पाणी बांधावरून वाहतंय. जाऊन बघतो तर कुणीतरी खांबावरून आकडा टाकून वायर थेट मोटरला जोडलेली. मालकाने स्टार्टर कितीदा बंद केला तरी त्या वायरला काय फरक पडणार? टीएसएच म्हणजे मालकाचा स्टार्टर आणि तुमच्या रिपोर्टमधली ती '14' म्हणजे आकडा. बहुतेक लॅबमध्ये ही अँटिबॉडी दोनच्या आत असली तर ती नाही असं धरतात. तुमची कितीतरी पट आहे.

थायरॉईडच्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर टीएसएच रिसेप्टर असतो. टीएसएच येऊन तिथे बसलं की पेशीच्या आत काम सुरू होतं. रक्तातलं आयोडीन आत ओढलं जातं, त्यापासून हार्मोन बनतं, साठवलेलं हार्मोन रक्तात सोडलं जातं. काम झालं की टीएसएच सुटतं आणि तासाभरात रक्तातलं निम्मं संपतंही. ग्रेव्हजमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी अशी अँटिबॉडी बनवतात जी नेमकी याच रिसेप्टरवर बसते आणि टीएसएचसारखाच इशारा देते. इतर बऱ्याच आजारांत अशा चुकीच्या अँटिबॉडी ज्या अवयवावर बसतात त्याचं नुकसान करतात. इथे ती ग्रंथीला मारत नाही, राबवते. आणि ही अँटिबॉडी तासाभरात संपत नाही, तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. शिवाय रक्तात हार्मोन किती वाढलंय हे तिला कळायची सोयच नाही, कारण ती पिट्युटरीच्या ताब्यात नाही. म्हणून ग्रंथी दिवसरात्र राबते, फुगते, तिच्यातला रक्तप्रवाह इतका वाढतो की काही पेशंटच्या गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवला की 'सूं सूं' असा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. आजाराचं वर्णन डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 साली केलं आणि जर्मनीत बासेडो यांनी 1840 साली. पण पुढे टीएसएच सापडल्यावरही बराच काळ अनेक जण मानत होते की पिट्युटरीच जास्त टीएसएच सोडत असणार. 1956 साली न्यूझीलंडमधल्या डनेडिनला अ‍ॅडम्स आणि पर्व्हज हे दोघं रक्तातलं टीएसएच मोजायची एक पद्धत तपासत होते. गिनीपिगच्या थायरॉईडमध्ये किरणोत्सारी आयोडीन भरून ठेवायचं, मग तपासायचं द्रव टोचायचं आणि ते आयोडीन रक्तात किती वेळाने उतरतं ते बघायचं. खरं टीएसएच टोचलं की दोन-तीन तासांत परिणाम शिगेला जाऊन ओसरायचा. ग्रेव्हजच्या पेशंटचं सीरम टोचलं तेव्हा परिणाम कित्येक तास वाढतच राहिला. त्यांनी ती चूक म्हणून सोडून दिली नाही. टीएसएचसारखं वागणारं, पण टीएसएच नसलेलं काहीतरी या रक्तात आहे, असं त्यांनी लिहिलं. ते 'काहीतरी' म्हणजे अँटिबॉडी आहे, हे पुढच्या दशकात सिद्ध झालं.

आता तुमच्या तक्रारी दोन ढिगांत घाला, म्हणजे बराच गोंधळ मिटेल. वजन उतरणं, धडधड, थरथर, घाम, चिडचिड हे सगळं जास्तीच्या हार्मोनचं काम. कार्बिमाझोलने हार्मोन आटोक्यात आलं आणि हे सगळं गेलं, तुम्हीच तसं लिहिलंय. डोळे आणि नडगी मात्र हार्मोनमुळे बिघडलेली नाहीत. ते थेट अँटिबॉडीचं काम आहे. म्हणून हार्मोन खाली येत असतानाही ते वाढू शकतात, आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालंय. पेशंट मला विचारतात, "औषध लागू पडतंय तर डोळे का बिघडले?" औषध मोटरचं पाणी थांबवतं, आकडा काढत नाही. खरं तर कार्बिमाझोल घेतल्यावर अँटिबॉडीही वर्ष-दीड वर्षात बहुतेकांमध्ये हळूहळू उतरते, पण हार्मोन सहा-आठ आठवड्यांत उतरतं. डोळे बिघडतात ते बहुधा या मधल्या काळात.

आता त्या 0.7 कडे परत येऊ. पिट्युटरी महिनोन् महिने दाबली गेली की तिला जाग यायला वेळ लागतो. हार्मोन नॉर्मल झालं, अगदी कमी झालं, तरी टीएसएच कित्येक आठवडे, कधी काही महिने, शून्याजवळच पडून राहतं. म्हणून उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत डोस ठरवायचा तो फ्री टी-फोर आणि टी-थ्री ही थायरॉईडची स्वतःची हार्मोनं बघून. टीएसएच बघून ठरवला तर गोळी जास्त काळ जास्त डोसमध्ये चालू राहते आणि पेशंट हायपोथायरॉईड होतो, सुस्ती येते, वजन गरजेपेक्षा जास्त भरतं. ही चूक मी इतक्यांदा बघितलीय की प्रत्येक पहिल्या रिपोर्टवर मी पेनाने लिहूनच ठेवते, "टीएसएच बघू नका." एरवी ही चूक महिन्याभरात दुरुस्त होते. पण डोळ्यांत आजार चालू असताना हार्मोन जास्त असणं जसं वाईट, तसंच कमी पडणंही वाईट. दोन्हींनी डोळे चिघळतात. माझ्याकडे तुमच्यासारखा पेशंट असता तर मी डोस 10 मिलिग्रॅमच्या आसपास आणला असता आणि चार आठवड्यांनी फ्री टी-फोर, टी-थ्री पुन्हा तपासलं असतं. तुमचा नेमका डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे, कारण गळा त्यांनी तपासलाय, मी नाही.

त्या तपासणीआधी बायोटिन थांबवा. हे जीवनसत्त्व स्वतः काही बिघडवत नाही, पण बऱ्याच लॅबच्या यंत्रांत चाचणीच बायोटिनच्या आधारे चालते. केसांच्या गोळीतलं बायोटिन रोजच्या गरजेपेक्षा शेकडो पट असू शकतं. ते रक्तात असलं की त्या यंत्रांवर टीएसएच खोटं कमी, टी-फोर खोटं जास्त आणि ही अँटिबॉडीसुद्धा खोटी वाढलेली दिसू शकते. अगदी ग्रेव्हजसारखा रिपोर्ट, आजार नसताना. तुमच्या बाबतीत आजार खरा आहे यात मला शंका नाही, कारण डोळे आणि नडगी बायोटिनने बिघडत नाहीत. पण विचार करा, बायोटिनमुळे टी-फोर फुगून दिसत असेल तर तुमचं खरं टी-फोर 0.7 पेक्षाही कमी असू शकतं. रक्त द्यायच्या आठवडाभर आधी गोळी बंद ठेवा आणि लॅबला, डॉक्टरांना दोघांनाही सांगा. केस गळणं बहुधा थायरॉईडमुळेच आहे, हार्मोन स्थिरावलं की काही महिन्यांत थांबेल.

आता डोळ्यांचं. डोळ्याची खोबण म्हणजे हाडांची एक छोटी कोठी आहे, जेमतेम 30 मिलिलिटरची. मागून, वरून, बाजूंनी हाड, उघडी फक्त पुढची बाजू. त्यात डोळा, तो हलवणारे स्नायू, चरबी आणि मागून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, एवढं सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. या चरबीत आणि स्नायूंमध्ये फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्यावरही टीएसएच रिसेप्टर असतो. अँटिबॉडी तिथेही जाऊन बसते. या पेशींना हार्मोन बनवता येत नाही, मग त्या त्यांना जे येतं ते करतात. हायालुरोनन नावाचा चिकट पदार्थ भरमसाट तयार करतात, आणि त्यांच्यातल्या काही चरबीच्या पेशी बनतात. हायालुरोनन पाणी धरून ठेवतो, भिजवलेल्या सब्जासारखा. कोठी वाढत नाही, आतला माल वाढतो, म्हणून डोळा पुढे ढकलला जातो. रात्री आडवं पडल्यावर हे पाणी तिथेच साचतं, म्हणून तुमच्या पापण्या सकाळी जास्त सुजतात. डोकं थोडं उंच ठेवून झोपलात तर फरक जाणवेल.

डोळे मोठे दिसण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो वेगळा ओळखावा लागतो. हार्मोन जास्त असताना वरची पापणी वर ओढली जाते आणि माणूस टक लावून बघतोय असं वाटतं. ते हार्मोन उतरलं की बरंच कमी होतं. खरोखर पुढे आलेला डोळा तसा मागे जात नाही. घरातला एखादा जुना स्पष्ट फोटो काढा, दोन-तीन वर्षांपूर्वीचा, आणि आरशाशेजारी धरून बघा. काळ्या बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय का? आणि खाली? हा फोटो नेत्रतज्ज्ञाकडे नक्की न्या. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो, कारण काहींचे डोळे मुळातच मोठे असतात.

नेत्रतज्ज्ञांना दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात. आजार किती गंभीर आहे आणि आत्ता सूज पेटलेली आहे की विझलेली. सूज चालू आहे का, हे दुखणं, हलवताना दुखणं, पापण्या व डोळा लाल होणं, पापण्या सुजणं अशा सात खुणा मोजून ठरवतात आणि तीन किंवा जास्त असल्या तर सूज पेटलेली आहे असं मानतात. तुमच्या पत्रातूनच लाली, पापण्यांची सूज आणि वर बघताना दुखणं, अशा तीन मिळतात. म्हणून हे 'थांबून बघू'मध्ये जाऊ देऊ नका, महिन्याच्या आत डोळे दाखवा. सूज पेटलेली असतानाच नेहमीच्या औषधाचा खरा उपयोग होतो. साधारण सहा महिने ते दोन वर्षांत ती आपोआप विझते, पण मागे स्नायू कडक झालेले आणि डोळा पुढेच राहिलेला, अशी स्थिती राहू शकते. मग नेहमीचं औषध फारसं काही करत नाही, बहुधा शस्त्रक्रियाच उरते.

मध्यम ते गंभीर आजारात नेहमीचा उपचार म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून, आठवड्यातून एकदा, असं बारा आठवडे. साधारणपणे पहिले सहा डोस 500 मिलिग्रॅमचे, नंतरचे सहा 250 चे. आधी साखर, यकृत आणि कावीळ बी-सी तपासून घेतात. हे काम दवाखान्यात करायचं. 'स्टिरॉइडच ना' म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून घेऊ नका. 2020 पासून अमेरिकेत टेप्रोटुमुमॅब नावाचं इंजेक्शन मिळतंय. त्या फायब्रोब्लास्टवरच्या दुसऱ्या एका रिसेप्टरला ते अडवतं आणि डोळे मागे नेतं. पण ते अतिशय महाग आहे आणि ऐकण्यावर व साखरेवर परिणाम करू शकतं. सौम्य आजारात कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जेल, बाहेर पडताना गॉगल एवढंही पुरतं. सिगारेटचं मात्र ठाम सांगते. ग्रेव्हजच्या डोळ्यांना जितकं सिगारेट बिघडवते तितकं आपल्या हातातलं दुसरं काहीच बिघडवत नाही, आणि सिगारेट ओढणाऱ्यांवर औषधही कमी चालतं. तुम्ही ओढत नसाल, पण घरात कुणी ओढत असेल तर त्यांना बाहेर अंगणात पाठवा.

एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. डोळा पुढे येणं ही एका अर्थी सुटका असते, आतला दाब पुढून वाट काढतो. ज्यांचे डोळे फारसे पुढे येत नाहीत, त्यांच्यात तो दाब मागच्या नसेवर पडू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. म्हणून डोळा किती मोठा दिसतो यावर धोका मोजू नका. माझ्या टेबलावर लाल टोपणाचं एक पेन कायम असतं. एक डोळा झाकून टोपण बघायला सांगते, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळ्यांना लाल सारखंच गडद दिसलं पाहिजे. एका डोळ्याला ते फिकट, विटकरी किंवा राखाडी वाटलं तर नसेवर दाब पडत असण्याची शक्यता असते आणि अक्षरं वाचता येत असली तरी तो धोक्याचा इशारा आहे. घरी आठवड्यातून एकदा हे करून बघा. रंग फिका पडला, पापण्या मिचकावूनही न जाणारा धूसरपणा आला किंवा झोपेत डोळा पूर्ण मिटत नसेल आणि दुखत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

आता जाऊबाईंचं म्हणणं. ग्रंथी काढून टाकली तर हार्मोनचा प्रश्न त्या दिवशी संपतो. त्यानंतर आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी घ्यायची आणि तो वाईट सौदा नाही. पण डोळ्यांसाठी म्हणून काढणार असाल तर निराशा होईल. मोटर उपटून नेली तरी खांबावरचा आकडा लटकतोच आणि शेजारच्या वायरीही त्यालाच जोडलेल्या असतात. ग्रंथी काढल्यावर अँटिबॉडी उतरते, पण महिन्यांनी, आणि पुढे आलेले डोळे मागे जात नाहीत. ग्रंथी फार मोठी असेल, गोळी सोसत नसेल किंवा आजार पुन्हा उलटला तर शस्त्रक्रियेचा विचार योग्य आहे. किरणोत्सारी आयोडीन मात्र आत्ता नको, कुणी सुचवलं तरी. त्याने ग्रंथीच्या पेशी फुटतात, त्यातलं द्रव्य रक्तात सांडतं आणि संरक्षक पेशी ते बघून आणखी चवताळतात. अँटिबॉडी काही महिने वाढते आणि वर्षभर किंवा जास्त काळ चढलेलीच राहते. पेटलेल्या डोळ्यांमध्ये त्यानंतर बिघाड होऊ शकतो, हे चांगलं अभ्यासलेलं आहे.

नडगीच्या चट्ट्याला आम्ही थायरॉईड डर्मोपॅथी म्हणतो. कारण डोळ्यांसारखंच आहे, त्वचेतले फायब्रोब्लास्ट तोच चिकट पदार्थ तयार करतात आणि तो तिथे साचतो. नडगीवरच का, तर पाय दिवसभर खाली लटकलेले असतात, द्रव तिथे साचतं आणि तिथे सतत काहीतरी लागत असतं. अंगठ्याने चट्ट्यावर दहा सेकंद दाबून धरा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या सुजेत खड्डा पडतो आणि थोडा वेळ राहतो. इथे सहसा पडत नाही, कातडी टणक लागते आणि संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं दिसतात. नायट्यात कडा वर उठलेल्या असतात, खवले सुटतात, खाज सुटते, मध्ये त्वचा साफ होत जाते. मेडिकलवाल्याच्या नायट्याच्या मलमात बऱ्याचदा स्टिरॉइडही मिसळलेलं असतं, त्याने थोडं बरं वाटून निदान आणखी लांबतं. ते थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना "मला ग्रेव्हज आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. नुसता चट्टा बघून कुणालाही ते सुचणं कठीण आहे. उपचार म्हणजे तीव्र स्टिरॉइड मलम रात्री लावून वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळणं, काही आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि दिवसा घट्ट मोजे. तिथे कापाकापी करू नये, जखमेने तो चट्टा आणखी वाढतो. डोळ्यांशिवाय हा चट्टा क्वचितच येतो आणि तो आला म्हणजे अँटिबॉडी जोरात आहे. त्यामुळेही तुमच्या डोळ्यांकडे मी गांभीर्याने बघते.

कार्बिमाझोलबद्दल एक सूचना चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवून ठेवा. हजारातल्या दोन ते पाच जणांमध्ये या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम उतरतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, पण नंतरही होऊ शकतं. ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले तर 'पावसाळी सर्दी असेल' म्हणत बसू नका. गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करा. पेशी नीट असल्या तर गोळी पुन्हा सुरू होते. वजन भरलंय, धडधड नाही म्हणून गोळी सोडणं मात्र वेगळं. कोर्स साधारण 12 ते 18 महिन्यांचा असतो आणि बंद करण्याआधी अँटिबॉडी पुन्हा मोजायची. ती तेव्हाही जास्त असेल तर आजार उलटण्याची शक्यता मोठी. तसंही औषध बंद केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो पुन्हा होतो, आणि त्याचा दोष पेशंटकडे नसतो.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण अँटिबॉडी काय करते ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. टीएसएच नाळेतून बाळाकडे जात नाही, पण अँटिबॉडी जाते, जशी आईची इतर रोगप्रतिकारक द्रव्यं जातात. दिवस भरत येतात तशी ती जास्त जाते. मग जिची थायरॉईड दहा वर्षांपूर्वी काढून टाकलीय आणि जी थायरॉक्सिन घेऊन ठणठणीत आहे, तिच्याही बाळाची थायरॉईड पोटातच धावू लागू शकते, कारण तिच्या रक्तातला आकडा अजून आहे. अशी बाळं जन्मतात तेव्हा त्यांचे ठोके जलद असतात, वजन कमी असतं. आणि तीन-चार महिन्यांत, आईकडून आलेली अँटिबॉडी विरली की बाळ आपोआप बरं होतं. बाळाची ग्रंथी निरोगीच होती, ती फक्त उसना हुकूम पाळत होती.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं आहे. आत्ता काही महिने गर्भनिरोधक वापरा. हार्मोन स्थिर होऊ दे, डोळ्यांची सूज विझू दे. कार्बिमाझोलने गर्भाच्या पहिल्या दहा आठवड्यांत काही बाळांमध्ये व्यंग येऊ शकतं, त्यामुळे मूल ठरवताना आधीच डॉक्टरांशी बोला. त्या काळासाठी प्रोपिलथायोयुरॅसिल ही वेगळी गोळी देतात, किंवा आजार शमला असेल तर गोळी बंदच करून बघतात. चुकून दिवस गेले तर त्याच दिवशी फोन करा, स्वतःहून काही ठरवू नका. गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि पुन्हा अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान अँटिबॉडी मोजायला सांगा, तेव्हा तुमची थायरॉईड शाबूत असो वा काढलेली. ती वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर सोनोग्राफीत बाळाचे ठोके, वाढ आणि त्याच्या गळ्यातली छोटीशी थायरॉईड बघत राहायचं. आणि प्रसूतीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना हा रिपोर्ट हातात द्यायचा, म्हणजे बाळ घरी नेण्याआधी आणि पुन्हा पहिल्या आठवड्यात त्याचं रक्त तपासलं जाईल.